कूलर वेळेवर पोचला नाही: एका मिनिटाचा माफीचा व्हिडिओ कसा लिहायचा

नागपुरात लोखंडी बॉडीचे डेझर्ट कूलर बनवून विकणाऱ्या छोट्या दुकानांचा सगळा धंदा मार्चच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालतो. याच दिवसांत डिलिव्हरी हुकते, आणि पारा ४५ च्या वर असताना हुकलेली डिलिव्हरी दिवाळीत उशिरा आलेल्या पडद्यांसारखी सोडून देता येत नाही. घरात म्हातारी माणसं असतात, लेकरं असतात, आणि २५ मेच्या आसपास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. अशा वेळी गिऱ्हाइकांना पाठवायचा माफीचा व्हिडिओ कसा लिहावा, कसा काढावा आणि कसा पोचवावा, ते इथे एक उदाहरण पायरीपायरीनं सोडवून सांगितलं आहे. उदाहरण कूलरचं आहे, दुकान काल्पनिक आहे, आकडे मात्र अशा दुकानात असतात तसेच धरले आहेत.

प्रकरण असं. सक्करदऱ्यातलं एक दुकान. मालक, फिटिंग करणारे दोन मिस्त्री आणि काउंटरवर एक मुलगा. मेच्या पहिल्या आठवड्यात ३८ कूलर बुक झाले, बिल नंबर ४१२ ते ४४९. प्रत्येकी २,००० रुपये अ‍ॅडव्हान्स घेतला आणि सगळ्यांना सांगितलं, "१५ मेपर्यंत घरी." बॉडी तयार होत्या, बाजूंना लावायच्या ताट्या आल्या होत्या, पंप होते. मोटारींचा लॉट आला नाही. १० तारखेला व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं की माल १९ ला पोचेल. मालकानं मनाशी म्हटलं, बघू, कदाचित आधी येईल. १५ तारीख गेली, फोन सुरू झाले आणि काउंटरवरचा मुलगा प्रत्येकाला सांगू लागला, "उद्या येऊन जाईल नं भाऊ." आज सोमवार, १८ मे.

आधी व्हिडिओ लागतो का ते ठरवा

दहापेक्षा कमी ऑर्डर अडकल्या असतील तर व्हिडिओ काढू नका, फोन लावा. दहा फोन तासाभरात होतात, समोरचा माणूस काय म्हणतो तेही कळतं. व्हिडिओचा उपयोग तेव्हा, जेव्हा वीस-पंचवीसच्या वर लोकांना एकच गोष्ट सांगायची असते आणि प्रत्येकाला ती सारख्याच शब्दांत कळायला हवी असते. फोनवर तिसाव्या माणसापर्यंत आपलंच बोलणं बदलतं. पहिल्याला आपण २८ तारीख सांगतो आणि आवाज चढवणाऱ्याला २२ सांगून मोकळे होतो. व्हिडिओत ती सोय नसते, म्हणून तो बरा.

३८ गिऱ्हाइकांसाठी व्हिडिओ योग्य आहे. पण लग्नघरी द्यायचा कूलर किंवा हॉस्पिटलमधून घरी आणलेल्या माणसासाठी घेतलेला कूलर यात असेल, तर त्या दोघा-तिघांना आधी फोन जायला हवा. त्यांना व्हिडिओ नंतर.

कॅमेऱ्याआधी रजिस्टर उघडा

नव्यानं असा व्हिडिओ करणारे बहुतेक जण इथे घाई करतात. फोन समोर धरून बोलायला लागतात आणि तारखेपाशी आले की "लवकरात लवकर" म्हणून पुढे जातात. ऐकणाऱ्याला फक्त तारीख हवी असते. तिच्याशिवाय बाकीचं सगळं, हात जोडणंसुद्धा, वाया जातं. म्हणून आधी तारीख काढायची आणि ती हिशेबातून काढायची.

मोटारी १९ ला संध्याकाळी येणार. हे व्यापाऱ्याच्या तोंडी शब्दावर धरू नका, ट्रान्सपोर्टची बिल्टी, म्हणजे माल चढवल्याची पावती, मागवा. बिल्टी निघाली असेल तर माल निघाला आहे. निघालीच नसेल तर १९ तारीख ही अजून आशाच आहे आणि ती गिऱ्हाइकाला सांगायची नाही. तेव्हा व्हिडिओ एक दिवस थांबवून फक्त फोन उचलत राहा.

बिल्टी हातात आहे असं धरू. फिटिंग २० मेपासून सुरू होईल. मोटार बसवणं, पंखा डगमगत नाही ना ते पाहणं, पंप आणि फ्लोट जोडणं, ताट्या बसवणं, शेवटी टाकीत पाणी भरून अर्धा तास चालवून गळती तपासणं, एवढं सगळं करून दोन मिस्त्री दिवसाला ६ कूलर नीट तयार करतात. रात्री जागून ८ होतील, पण दोन दिवसांनी थकून पुन्हा ५ वर येतील, म्हणून ६ च धरा. ३८ ला ६ नं भागलं तर सात दिवस लागतात, म्हणजे २० ते २६ मे. छोटा हत्ती टेम्पो एका फेरीत ६ कूलर नेतो, तेव्हा डिलिव्हरीमुळे वेगळा खोळंबा होत नाही. यावर दोन दिवस राखीव ठेवा. लॉटमध्ये एखाददुसरी मोटार खराब निघते, एखादा दिवस वीज दगा देते. शेवटची तारीख झाली २८ मे.

आता सगळ्यांनाच २८ सांगायचं का? तसं केलं तर ज्याचा कूलर २१ लाच तयार होणार आहे तोही ऑर्डर रद्द करून दुसरीकडे जाईल. दोन भाग करा. पहिली १९ बिलं, ४१२ ते ४३०. हे कूलर हिशेबानं २३ च्या दुपारपर्यंत तयार होतात, त्यांना २४ मे सांगा. उरलेली १९ बिलं, ४३१ ते ४४९, त्यांना २८ मे. यापेक्षा जास्त भाग करू नका. व्हिडिओत चार तारखा आल्या की ऐकणाऱ्याला स्वतःची लक्षात राहत नाही. बिल नंबरावरून भाग केल्यानं आणखी एक भांडण टळतं: शेजाऱ्याचा कूलर आधी आला तर का आला, याचं उत्तर बिलावरच छापलेलं असतं.

काय देणार ते गल्ला पाहून ठरवा

माफीसोबत तीन गोष्टी सांगायच्या असतात: थांबणाऱ्याला काय, न थांबणाऱ्याला काय आणि ज्याला थांबणं शक्यच नाही त्याला काय.

न थांबणाऱ्याचा अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत. ३८ जणांचे मिळून ७६,००० रुपये होतात आणि त्यातले बरेचसे पत्रा, ताट्या, पंप यांत गेलेले असतात. दहा जणांनी रद्द केलं तर २०,००० लागतील. तेवढे खात्यात असतील तरच "२४ तासांत परत" म्हणा. नसतील तर आधी सोय करा, मग व्हिडिओ. परताव्याचा शब्द मोडला तर उशिरावरची नाराजी बाजूला राहते आणि फसवणुकीची भाषा सुरू होते.

थांबणाऱ्याला एकच गोष्ट द्या आणि ती त्याच कूलरशी जोडलेली असू द्या. इथे फिटिंगचे ३०० रुपये माफ करणं योग्य आहे: लहान आहे, पण आजच्याच बिलातून कमी होतं. "पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट" असं म्हणू नका. आधीचाच माल मिळाला नाही आणि हा पुढची खरेदी काढतोय, असंच ऐकू जातं.

तिसरी गोष्ट या धंद्याची खास आहे. बहुतेक कूलरवाल्यांकडे भाड्यानं द्यायचे किंवा एक्स्चेंजमध्ये आलेले जुने कूलर पडून असतात. त्यातले चालू किती ते मोजा. या दुकानात पाच निघाले. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असलेल्या घरी ते तात्पुरते द्यायचे. व्हिडिओत "पाच" हा आकडा बोलायचाच, म्हणजे सहावा माणूस फसवल्यासारखा होत नाही. त्या सहाव्याचा फोन आला तर त्याचा कूलर २० तारखेच्या पहिल्या सहामध्ये घ्या. शेवटच्या भागातला एक पुढे आल्यानं कोणाचीच सांगितलेली तारीख मोडत नाही, कारण दोन दिवस राखीव आहेत.

माफी नेमकी कशाची?

संहितेतली सगळ्यात अवघड जागा ही. मोटारी उशिरा येणं मालकाच्या हातात नव्हतं. त्याबद्दल माफी मागितली तर ती खोटी वाटते आणि त्याचा दोष व्यापाऱ्यावर टाकला तर ती माफी राहतच नाही. गिऱ्हाइकानं पैसे व्यापाऱ्याला दिलेले नाहीत.

मग हातात काय होतं, ते शोधा. १० तारखेला उशीर होणार हे कळलं आणि १५ पर्यंत कोणालाही सांगितलं नाही. त्या पाच दिवसांत एखाद्यानं दुसरीकडून कूलर घेतला असता, एखाद्यानं भाड्यानं आणला असता. ती संधी मालकाच्या गप्प बसण्यानं गेली. चूक ही आहे आणि माफी याच वाक्यासाठी आहे. प्रत्येक उशिरात असं एक वाक्य सापडतं: ऑर्डर झेपण्यापेक्षा जास्त घेतल्या, तारीख न मोजता सांगितली, फोन उचलला नाही. ते सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

कारण सांगायचं, पण एका वाक्यात. मोटारीचा व्यापारी कोण, गाडी कुठे अडकली, तांब्याचे भाव कसे वाढले, हे गिऱ्हाइकाच्या कामाचं नाही. शिवाय दुसऱ्याचं नाव घेऊन व्हिडिओ फिरला तर तो वाद वेगळाच.

पहिला कच्चा मसुदा कसा बिघडतो

अशा वेळी हाताला येणारा मसुदा साधारण असा असतो:

> नमस्कार मंडळी! आपणा सर्वांना कळविण्यात अत्यंत खेद होत आहे की काही अपरिहार्य कारणास्तव आपल्या ऑर्डर्सना थोडा विलंब होत आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची टीम दिवसरात्र मेहनत करीत असून आपला कूलर लवकरात लवकर आपल्यापर्यंत पोहोचेल. आपला विश्वास हीच आमची संपत्ती. असंच प्रेम राहू द्या!

यात एकही गोष्ट तपासता येत नाही. "काही कारणास्तव" म्हणजे सांगायचं नाही, "थोडा" म्हणजे किती ते माहीत नाही. "गैरसोयीबद्दल दिलगीर" हे वाक्य लोकांनी रेल्वे फलाटावर इतक्यांदा ऐकलं आहे की ते आता कानावर पडतच नाही. "टीम" म्हणजे दोन मिस्त्री, हे गिऱ्हाइकाला माहीत आहे, तो दुकानात येऊन गेलेला आहे. आणि शेवटी विश्वासाची गोष्ट. विश्वास आहे की नाही हे आता तो ठरवणार, आपण नाही.

दुसरा मोह रडवेपणाचा. कर्ज, घरचं आजारपण, धंद्यातली मंदी. ते खरं असेल, पण व्हिडिओत आलं की माफ करायची जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलल्यासारखी होते.

संहिता

शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १३० शब्द बोलतो. घड्याळ लावून स्वतःचा वेग एकदा मोजून घ्या. एक मिनिट ही वरची मर्यादा धरायची, म्हणजे सव्वाशे शब्द. त्यातले पहिले २५ शब्द सगळ्यात महत्त्वाचे. तेवढ्यात "मी कोण, काय चुकलं, माफ करा" हे झालंच पाहिजे, कारण पुढचं ऐकायचं की नाही ते तिथेच ठरतं.

> नमस्कार. मी (नाव), सक्करदऱ्याच्या कूलरच्या दुकानातून बोलतोय. तुम्ही माझ्याकडे कूलर बुक केला. १५ मेला देतो म्हणून मी सांगितलं होतं, तो दिला नाही. मला माफ करा.
>
> मोटारी यायला उशीर होणार हे मला १० तारखेलाच कळलं होतं. तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. मी केला नाही. ही चूक माझी आहे.
>
> मोटारी १९ तारखेला नागपुरात पोचतात. तुमच्या बिलावर ४१२ ते ४३० नंबर असेल तर कूलर रविवार, २४ मेपर्यंत घरी येईल. ४३१ ते ४४९ असेल तर गुरुवार, २८ मेपर्यंत. फिटिंगचे ३०० रुपये कोणाकडूनच घेणार नाही.
>
> थांबायचं नसेल तर सांगा, सांगितल्यापासून २४ तासांत पूर्ण अ‍ॅडव्हान्स परत करतो. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर फोन करा. तात्पुरते द्यायला पाच कूलर ठेवले आहेत.
>
> सकाळी ९ ते रात्री ९ फोन मीच उचलीन.

काही शब्दांची निवड मुद्दाम आहे. "मी" सगळीकडे आहे, "आम्ही" कुठेच नाही. तीन-चार माणसांच्या दुकानात "आम्ही" म्हटलं की कोणीच जबाबदार उरत नाही. "तो दिला नाही" असं सरळ आहे. "देता आला नाही" म्हटलं असतं तर तिथेच सबब सुरू झाली असती. "आज", "उद्या", "परवा" हे शब्द नाहीत. व्हिडिओ कोणी त्याच रात्री पाहतो, कोणी दोन दिवसांनी, आणि त्याचा "उद्या" वेगळाच असतो. तारखेसोबत वार आहे, कारण बरेच जण वारावर चालतात आणि दोन्ही सांगितल्यानं ऐकण्यातली चूक पकडली जाते. पण कॅलेंडर पाहूनच वार लिहा. वार आणि तारीख जुळली नाही तर सव्वाशे शब्दांवरचा भरवसा त्या एका चुकीनं जातो.

"घरी येईल" असं म्हणताना "प्रयत्न करतो" जोडू नका. राखीव दोन दिवस धरून तारीख काढली आहे, तेव्हा ठाम सांगता येते. ठाम सांगता येत नसेल तर हिशेब पुन्हा करा.

बोलण्याची भाषा काउंटरवरचीच ठेवा. तुमच्या तोंडी "देऊन राहिलो", "करून राहिलो" येत असेल तर येऊ द्या. व्हिडिओपुरती पुस्तकी मराठी ओढून आणली की आपलंच माणूस कोणाचं तरी लिहून दिलेलं वाचतंय असं वाटतं. हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं बरीच असतील तर त्याच मजकुराचा दुसरा व्हिडिओ हिंदीत काढा. एकाच व्हिडिओत दोन्ही भाषा मिसळल्या तर लांबी दुप्पट होते आणि दोघांनाही अर्धंच कळतं.

व्हिडिओ काढताना

एक चूक हमखास होते: मालक दुकानात उभा राहून बोलतो आणि मागे पंधरा कूलर ओळीनं दिसतात. पाहणारा पहिल्यांदा तेच पाहतो आणि विचारतो, "हे कोणाचे मग?" त्या बिनमोटारीच्या बॉडी आहेत हे त्याला कसं कळणार? साधी भिंत किंवा बंद शटर मागे असू द्या. देव-फोटो, सेलचा बोर्ड, नव्या मॉडेलचं पोस्टर काहीही मागे नको. बिलबुक किंवा रजिस्टर दाखवण्याचाही मोह होतो, आपण हिशेब करून बोलतोय हे सिद्ध करायला. तेही टाळा. त्यात लोकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर असतात, आणि ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती अशी उघड करणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापार प्रथांमध्ये धरलं आहे.

वेळ सकाळी सात-साडेसातची घ्या. शटर उघडायच्या आधी रस्त्याचा आवाज कमी असतो आणि ऊन डोळ्यांत येत नाही. तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. दुकानातला कूलर आणि पंखा दोन्ही बंद करा. उकडेल, पण पंख्याचा घों-घों आवाज मोबाइलचा माइक तुमच्या आवाजापेक्षा आधी पकडतो. फोन उभाच ठेवा, हातभर अंतरावर, डोळ्यांच्या उंचीला, पाण्याच्या कॅनवर किंवा खोक्यांवर टेकवून. लेन्स रुमालानं पुसा. कूलरच्या दुकानात पत्रा कापल्याची धूळ आणि तेलाचे हात असतात, आणि बहुतेक धुरकट व्हिडिओंचं कारण तेवढंच असतं.

संहिता पाठ करू नका, वाचूनही दाखवू नका. तारखा आणि बिल नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून लेन्सच्या अगदी बाजूला चिकटवा, बाकीचं स्वतःच्या शब्दांत येऊ द्या. दोनतीनदा काढून पाहा. त्यातला सगळ्यात सफाईदार निवडायची गरज नाही. आकडे बरोबर असलेला निवडा. पार्श्वसंगीत नको, सनईही नको आणि उदास व्हायोलिनही नको.

बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून दोन्ही तारखा बिल नंबरांसकट पडद्यावर अक्षरांत टाका, आणि शेवटच्या पाच सेकंदांत फोन नंबर. अक्षरं मध्यभागी ठेवा, छातीच्या उंचीला. अगदी खाली टाकली तर इन्स्टाग्रामवर नाव आणि कॅप्शनच्या खाली झाकली जातात.

पाठवायचा कसा

व्हिडिओ चांगला होतो आणि पोचतच नाही, असं इथे घडतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ पर्यंत नंबर घालता येतात, पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. एक कूलर घेणाऱ्या किती जणांनी कूलरवाल्याचा नंबर सेव्ह केला असेल? ज्यांना गेला नाही ते तुम्हाला कळतही नाही. म्हणून ३८ जणांना एकेक करून पाठवा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि सोबतच्या मजकुरात त्या माणसाची स्वतःची तारीख लिहिता येते:

> काका, नमस्कार. तुमचा बिल नंबर ४३६. कूलर गुरुवार, २८ मेपर्यंत घरी येईल. उशिराबद्दल व्हिडिओत बोललो आहे, एक मिनिटाचा आहे. थांबायचं नसेल तर इथेच "रद्द" लिहा. पैसे परत घ्यायला पिन किंवा ओटीपी लागत नाही, कोणी मागितला तर देऊ नका.

शेवटचं वाक्य विसरू नका. परताव्याची बातमी पसरली की दुकानाच्या नावानं खोटे फोन करणारे निघतात. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावाच लागत नाही, हे वयस्क गिऱ्हाइकांना माहीत नसतं. "काका" च्या जागी ताई, दादा, मॅडम, जे तुम्ही दुकानात म्हणता तेच.

स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकायचा का? तक्रारी आधीच उघडपणे, गूगलवरच्या रिव्ह्यूत किंवा वस्तीच्या ग्रुपवर गेल्या असतील तर टाका. नसतील तर ज्या ३८ जणांचे कूलर अडकले आहेत त्यांनाच पुरे. ज्यांची ऑर्डरच नाही अशा शेकडो लोकांसमोर माफी मागण्यात नम्रतेपेक्षा जाहिरातीचा भाग जास्त होतो.

संध्याकाळपर्यंत ज्यांच्या मेसेजवर निळ्या टिका आल्या नाहीत त्यांची यादी काढा आणि त्यांना फोन करा. काहींनी त्या बंद करून ठेवलेल्या असतात, तेव्हा फोनवर एवढंच विचारा, "व्हिडिओ पाहिला का?" साध्या फोनवाल्यांना तर फोनच. आणि पाठवण्याआधी, म्हणजे अगदी आधी, काउंटरवरच्या मुलाला दोन्ही तारखा तोंडपाठ करायला लावा. व्हिडिओत २८ आणि काउंटरवर "उद्या येऊन जाईल" असं झालं की लोक काउंटरवरचं धरून बसतात, कारण ते त्यांना हवं असतं.

पाठवल्यावर

व्हिडिओतली तारीख आता लेखी शब्दासारखीच आहे. गिऱ्हाईक तो जपून ठेवू शकतं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार करताना किंवा ग्राहक आयोगात दाखवू शकतं. यानं घाबरून शब्द मोघम करू नका. मोघम व्हिडिओ तिथे आणखी वाईट दिसतो. फक्त जे हिशेबात नाही ते बोलू नका.

पहिल्या दिवशी पाच-सात जण रद्द करतील असं धरून चाला. त्यांच्याशी वाद घालू नका, "एक दिवस थांबा ना" म्हणू नका. पैसे पाठवून त्याचा स्क्रीनशॉट टाका. रद्द झालेले कूलर लगेच नव्या गिऱ्हाइकाला विकायचा मोह आवरा. आधी रांगेतले पुढे सरकवा. २४ तारीख सांगितलेल्याला २२ ला कूलर मिळाला तर त्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा, घरी कोणी आहे का. अचानक छोटा हत्ती दारात उभा राहिला आणि कुलूप असलं तर फेरी फुकट जाते.

रोज रात्री रजिस्टरात किती कूलर गेले ते मोजा. २२ च्या रात्रीपर्यंत १८ व्हायला हवेत. १४ च्या खाली असतील तर दुसऱ्या भागाची तारीख धोक्यात आहे, आणि त्या १९ जणांना २३ लाच कळवायचं, २८ ची वाट पाहायची नाही. पण दुसरा व्हिडिओ काढू नका. माफीचा दुसरा व्हिडिओ कोणी ऐकत नाही. मालकानं स्वतः प्रत्येकाला फोन करायचा, नवी तारीख सांगायची आणि अ‍ॅडव्हान्स त्याच फोनवर परत देऊ करायचा.

शेवटचा कूलर बसला की व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला असेल तर त्याखाली एक ओळ लिहा: "सगळे कूलर २७ मेपर्यंत पोचले." तारीख खरी तीच घाला. व्हिडिओ काढून टाकायची गरज नाही. पुढच्या मार्चमध्ये बुकिंग घेताना हेच रजिस्टर उघडून दिवसाला ६ या हिशेबानं तारीख लिहा, आणि बिलावर ती हातानं न लिहिता छापून द्या.